दुभाषी ताईंसाठी टिपण : जर्मन खरेदीदारांबरोबरची द्राक्ष हंगामाची बोलणी, पिंपळगाव बसवंत

मंगळवार, 9 डिसेंबर, सकाळी 10 वाजता, पॅकहाऊसच्या वरच्या मजल्यावर

ताई,

आपलं फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे हे टिपण पाठवतो आहे. तुमचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं आहे, त्यामुळे भाषा शिकवायला बसलेलो नाही. आमच्या सभासदांच्या तोंडी जे शब्द येतील त्यांचा बागेतला आणि व्यवहारातला अर्थ तुमच्यापर्यंत पोचावा, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे. जर्मन शब्द त्यांच्या कराराच्या मसुद्यातून आणि जुन्या पत्रांतून घेतले आहेत. एखादा शब्द खटकला तर सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगा. हे टिपण तुम्ही समोरच्यांना दाखवलंत तरी आमची हरकत नाही. आमचा शेवटचा आकडा यात नाही, तो अण्णांच्या डोक्यात आहे.

कोण बसणार

आमच्याकडून चेअरमन अण्णा, दोन संचालक, पॅकहाऊसच्या मॅनेजर ताई आणि मी. अण्णा मराठीतच बोलतील, लांब बोलतील, मध्ये एखादी म्हण टाकतील. त्यांच्याकडून खरेदी विभागाचे प्रमुख आणि गुणवत्ता तपासणाऱ्या बाई. दोघंही जर्मनच बोलणार आहेत. बोलणी 20 कंटेनरांची आहेत. पांढरी द्राक्षं, थॉमसन सीडलेस, जानेवारीअखेर ते मार्चअखेर, रॉटरडॅमला उतरवून पुढे जर्मनीत. 500 ग्रॅमच्या पनेटमध्ये भरलेला एक कंटेनर आम्ही 13 टनांचा धरतो.

सर्वात आधी भाव, कारण घोटाळा इथेच होतो

तीन हंगामांपूर्वी एका वेगळ्या खरेदीदाराबरोबर आमची बैठक झाली होती. त्यांनी विचारलं, माल खराब निघाला तर तुटीची रक्कम शेवटच्या हिशेबात वळती करायची का? अण्णा म्हणाले, "बघू, चालेल." त्या दिवशीच्या दुभाष्याने ते "मान्य आहे" असं सांगितलं आणि तसंच कागदावर उतरलं. मे महिन्यात हिशेब आला तेव्हा 11 सभासदांच्या हातात छाटणीचा खर्चसुद्धा आला नाही. तो मुलगा हुशार होता, त्याला "चालेल"चा वजन-काटा माहीत नव्हता. म्हणून ही विनंती: अण्णांचं "चालेल" म्हणजे "ऐकलं, पुढे बोला". "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नकार, पण तोंडावर न दिलेला. होकार असेल तेव्हा अण्णा "ठरलं" म्हणतात. "ठरलं" हा शब्द येईपर्यंत कृपया "आइनफेरश्टांडन" म्हणू नका. शंका आली तर बोलणी थांबवून त्यांनाच विचारा, त्यांना राग येत नाही.

तीन प्रकारचे भाव टेबलावर येतील.

पक्का भाव, "फेस्टप्राइस". बाजार चढो की पडो, आकडा हलत नाही. आम्हाला निम्म्या मालाला हा हवा आहे.

किमान हमी भाव, आमच्याकडे "मिनिमम गॅरंटी", त्यांच्या मसुद्यात "मिंडेस्टप्राइस". ही खालची रेघ आहे. त्यावर बाजारात जास्त मिळालं तर वरची रक्कम आमची, त्यांची दलाली वजा जाता. गेल्या वेळी समोरच्यांनी हा शब्द पक्क्या भावासारखा वापरला होता. "गॅरंटी" नुसतं ऐकू आलं तर "किमान" आहे की "पक्का", हे प्रत्येक वेळी उच्चारून घ्या.

कमिशनवर पाठवलेला माल, "आउफ कोमिसिओन". विकेल त्या भावाने, धोका सगळा शेतकऱ्याचा. हा आम्हाला नको आहे. तो शब्द कुठेही, सौम्य करूनसुद्धा, आला तर मला लगेच खूण करा.

दलालीला त्यांचा शब्द "प्रोविझिओन". आमचा एक संचालक इंग्रजी वाचतो, तो याला "तरतूद" समजण्याची शक्यता आहे. तुम्ही सरळ "दलाली" किंवा "आडत" म्हणा.

"जागेवर भाव" म्हणजे बागेतला भाव. तोडणी, वाहतूक, पॅकिंग सगळं घेणाऱ्याचं. अण्णा रुपयात आणि जागेवर बोलतील, ते युरोत आणि सीआयएफ रॉटरडॅम बोलतील. दोन आकड्यांची तुलना होऊच शकत नाही, तेव्हा दोन्ही आकडे त्यांच्या शर्तीसकट सांगा. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा आमचा असतो, पण माल न्हावाशेवाला जहाजावर चढला की धोका घेणाऱ्याकडे जातो. समोरचे "तुम्ही रॉटरडॅमपर्यंत जबाबदार" असं म्हणाले तर वाक्य जसंच्या तसं सांगा, मी उत्तर देईन. तांबड्या समुद्रातला मार्ग बिघडल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाताहेत, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला आहे, म्हणून हा मुद्दा नक्की निघेल.

"इसार" आणि "उचल" वेगळे. इसार दिला की सौदा बांधला जातो, तो "आनत्सालुंग". उचल म्हणजे हंगामाच्या खर्चासाठी आधी घेतलेले पैसे, "फोरशुस". "पट्टी" म्हणजे हिशेबाची पट्टी, "आबरेखनुंग". अण्णा विचारतील, "पट्टी किती दिवसांत?" आम्हाला माल उतरल्यापासून 21 दिवस हवेत.

औषधं, अंश आणि "पास"

आमच्याकडे फवारणीच्या सगळ्या रसायनांना "औषध" म्हणतात. "परवा औषध मारलं" याचं शब्दशः भाषांतर झालं तर गुणवत्तावाल्या बाई घाबरतील. शब्द "फ्लान्त्सनशुत्समिटल". आणि "परवा" मागचा की पुढचा हे क्रियापदावरून कळतं, ते नीट ऐका. फवारणी आणि तोडणी यांतल्या सक्तीच्या दिवसांचा हिशेब त्यावर अवलंबून असतो. त्या दिवसांना शेतकरी "पीएचआय" म्हणतात, तुम्ही "वार्टेत्साइट" म्हणा.

"र्युकश्टांट" या एका शब्दाकडे फार लक्ष द्या. त्याचा एक अर्थ औषधाचा अंश, दुसरा थकबाकी. बैठकीत दोन्ही विषय निघणार आहेत. "अंश" आणि "थकबाकी" हे शब्द ठामपणे वेगळे ठेवा.

"सॅम्पल पास झालं" हे वाक्य दहा वेळा येईल. त्यात दोन वेगळे "पास" आहेत. पहिला युरोपीय कायद्याच्या मर्यादेचा. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यादीत नोंदलेल्या प्लॉटमधून नमुना घेतला जातो आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा तपासते. दुसरा जर्मन सुपरमार्केटांच्या स्वतःच्या अटींचा, आणि त्या कायद्याहून कडक असतात. काही साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशापर्यंतच अंश चालवून घेतात आणि एका नमुन्यात किती वेगवेगळे घटक सापडावेत यालाही आकडा लावतात. आमचा शेतकरी "पास" म्हणतो तेव्हा पहिला धरतो, त्या बाई दुसरा धरतात. कृपया दर वेळी "कायद्याने पास" किंवा "तुमच्या अटींप्रमाणे पास" असं पूर्ण बोला, वाक्य लांबलं तरी चालेल.

2010 साली युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. ती आठवण दोन्हीकडे ताजी आहे. बागेत त्याला "लिहोसिन" किंवा "सीसीसी" म्हणतात. तिन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत. संचालकांपैकी कोणी म्हणालं, "लिहोसिन आम्ही वापरतच नाही," तर रासायनिक नावच सांगा, नाहीतर त्यांना ते काही वेगळं उत्पादन वाटेल. "जीए" म्हणजे जिबरेलिक आम्ल. घड त्यात बुडवणं म्हणजे "डिपिंग". ते वाढनियंत्रक आहे, "वाक्सटुम्सरेगलर". कीटकनाशकांच्या यादीत ते मिसळू देऊ नका.

"प्लॉट" म्हणजे नोंदणी क्रमांक असलेला बागेचा तुकडा, "पार्त्सेले".

माल

घड म्हणजे "ट्राउबे", मणी म्हणजे "बेरे". त्यांच्याकडे "ट्राउबे" द्राक्ष या फळालाही म्हणतात, तेव्हा नासाडीचं प्रमाण घडांचं आहे की मण्यांचं, हे विचारा. पाच टक्के मणी खराब आणि पाच टक्के घड खराब, यात लाखोंचा फरक पडतो.

"मण्यात पाणी उतरलं" म्हणजे मणी मऊ पडून साखर भरायला लागली. त्याचा पाण्याशी संबंध नाही, "रायफेबेगिन" म्हणा. "साखर" म्हणजे ब्रिक्स, आमची अट किमान 16. "सोळा प्लस", "अठरा प्लस" हे मात्र मण्याचे मिलिमीटर. साखरेचे सोळा आणि आकाराचे सोळा एकाच वाक्यात येतात, तेव्हा एकक बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

"भुरी" आणि "डावणी" हे दोन बुरशीजन्य रोग, "एख्टर मेलटाउ" आणि "फाल्शर मेलटाउ". "देठ हिरवा" ही ताजेपणाची खूण. "पॅड" म्हणजे पेटीत ठेवायचा गंधकाचा कागद. "घट" म्हणजे वाटेत कमी होणारं वजन, "श्वुंट". ती नासाडी नव्हे आणि तिची वजावट आम्ही वेगळी मागतो आहोत. "रेक्लामात्सिओन" म्हणजे मालाबद्दलची तक्रार. तक्रार 48 तासांत, फोटोसकट आणि तटस्थ "गुटआख्टर"च्या अहवालासह यावी अशी आमची अट आहे. इथे अण्णा नक्की म्हणतील, "उंटावरून शेळ्या हाकू नका." तुम्ही सांगा, माल प्रत्यक्ष न बघता लांबून निर्णय घेऊ नये. उंटाची गरज नाही.

आकडे आणि वेळ

त्यांचा "फुंट" 500 ग्रॅमचा, म्हणजे आमचं एक पनेट. "त्सेंटनर" 50 किलो, तो क्विंटल नव्हे. "हाल्ब आख्ट" म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे. कंटेनर भरण्याच्या वेळा ठरवताना हे हमखास चुकतं. युरोचे आकडे कागदावर स्वल्पविरामाने लिहिलेले असतील, बोलताना "दोन युरो चाळीस सेंट" असंच म्हणा. प्रत्येक आकडा झाला की मी तो फळ्यावर लिहीन, तोपर्यंत थांबा.

बोलण्यातल्या दोन जागा

"आपण भाव ठरवू" म्हणजे दोघांनी मिळून. "आम्ही भाव ठरवू" म्हणजे आमचे आम्ही. जर्मनमध्ये दोन्ही "वीर" होतात, म्हणून "आपण" आलं की "गेमाइनझाम" जोडा. अण्णा समोरच्यांनाही आदराने "आपण" म्हणतील, तिथे ते "झी" आहे.

त्यांचं "ग्रुंडझेट्सलिश या" म्हणजे तत्त्वतः हो, अपवाद शिल्लक. आमच्या लोकांना नुसतं "हो" सांगू नका. "तत्त्वतः हो म्हणताहेत, अपवाद कोणते ते विचारायचं का?" असं सांगा. अण्णा "शब्द दिला" म्हणाले की त्यांच्या लेखी सौदा झाला. समोरच्यांना मात्र सही होईपर्यंत तो "फेरबिंडलिश" वाटत नाही. ही गोष्ट दोन्हीकडे सुरुवातीलाच स्पष्ट करायची परवानगी तुम्हाला दिली आहे.

दीड तासाने चहाची सुट्टी आहे, त्यात तुम्ही कोणाचंच भाषांतर करू नका, घसा वाचवा. जेवण एक वाजता, शाकाहारी. नाशिक रोड स्टेशनवर सकाळी आठला गाडी उभी असेल, ड्रायव्हरचा नंबर सोमवारी पाठवतो.