ग, म, न, भ गिरवू या: पहिलीच्या सरावपत्रकाचा मजकूर आणि मांडणी

चित्रकार आणि मांडणी करणाऱ्यांसाठी

पहिलीच्या वर्गासाठी पाच पानं करायची आहेत. ए४ आकार, उभं पान, चारही बाजूंना 20 मिमी समास. पत्रकाची झेरॉक्स निघणार आहे, त्यामुळे सगळं काळ्या रंगातच हवं. फिकट करडी अक्षरं झेरॉक्सवर उडून जातात, म्हणून गिरवायची अक्षरं ठिपक्यांचीच ठेवा.

मुलांना अजून वाचता येत नाही. पानावरचं वाक्य बाई किंवा घरचं मोठं माणूस वाचून दाखवेल, म्हणून पानावर एकच ओळ:

पान 1: ही गाय. गाय म्हणताना आधी काय येतं? ग! चल, ग गिरवू या.
पान 2: हा मासा. मासा म्हणताना आधी काय येतं? म! चल, म गिरवू या.
पान 3: हा नळ. नळ म्हणताना आधी काय येतं? न! चल, न गिरवू या.
पान 4: हा भोवरा. भोवरा म्हणताना आधी काय येतं? भ! चल, भ गिरवू या.

ओळीखाली डावीकडे चित्र आणि उजवीकडे 60 मिमी उंचीचं मोठं अक्षर, बोट फिरवायला. त्याखाली गिरवण्याच्या तीन ओळी. अक्षर 30 मिमी उंच, एका ओळीत चारच, दोन अक्षरांत आणि दोन ओळींत 15 मिमी जागा. पान रिकामं दिसेल, पण ती जागा भरू नका. फुलं, तारे, वेलबुट्टीची चौकट यांतलं काहीही नको. या वयात हात खांद्यापासून हलतो, अक्षर चौकटीबाहेर जाणारच. ते शेजारच्या अक्षरावर चढलं की मूल हिरमुसतं.

पहिल्या ओळीत ठिपके जवळजवळ, दुसऱ्या ओळीत विरळ. तिसऱ्या ओळीत पहिलं अक्षर ठिपक्यांचं आणि पुढच्या तीन जागी फक्त सुरुवातीचा जाड ठिपका. डावखुऱ्या मुलाचा हात डावीकडचा नमुना झाकतो, म्हणून या ओळीच्या उजव्या टोकाला वरच्या कोपऱ्यात अक्षराचा छोटा नमुना पुन्हा द्या.

आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं, खालच्या रेषेवर बसत नाही. इंग्रजीच्या चार रेघा इथे चालणार नाहीत. वर एक ठळक रेघ, खाली एक बारीक तुटक रेघ, बस्स. गिरवण्याचा क्रम 1, 2, 3 असे आकडे आणि बाण देऊन दाखवा: आधी डावीकडचा भाग, मग उभा दंड, शेवटी शिरोरेषा डावीकडून उजवीकडे. आकडे रेषेच्या बाहेर ठेवा, नाहीतर मुलं आकडाही गिरवतात.

आता भ. याच पानावर सगळ्यांत जास्त लक्ष हवं. म आणि भ यांत मुलांचा गोंधळ होतो, कारण खालचा भाग जवळजवळ सारखाच. फरक वर आहे. म वरची शिरोरेषा अखंड असते. भ ची डावीकडे तुटते आणि तिथे छोटी गाठ येते. ही फट मोठ्या अक्षरात 8 मिमीपेक्षा कमी नको. ठिपक्यांच्या अक्षरांतही ती स्पष्ट दिसायला हवी. शिरोरेषेची ठळक रेघ फटीवरून गेली तर भ चा म वाटेल, म्हणून या पानावर ती रेघ फटीजवळ तोडा. म्हणूनच म दुसऱ्या पानावर आणि भ चौथ्यावर घेतला आहे, मध्ये न.

चित्रं जाड, गोल रेषेची. प्रत्येक चित्रात एकच वस्तू, पार्श्वभूमी नाही. गाय समोर बघणारी, हसरी, आणि पूर्ण वाढलेली असावी, नाहीतर मुलं वासरू म्हणतात. मासा एका बाजूने, मोठ्या डोळ्याचा. नळाला एकच थेंब लटकलेला. धार दाखवली की मुलं पाणी म्हणतील आणि न हातातून गेला. भोवऱ्याला दोरी गुंडाळलेली हवी, तीच त्याची ओळख. नळ आणि भोवऱ्याला डोळे-तोंड लावू नका.

पान 5 चा मजकूर:

वर: आता दोन अक्षरं एकत्र. चल, शब्द गिरवू या.
ओळी: मन, मग, नभ.

इथे अक्षरं 35 मिमी उंच, एका ओळीत एकच शब्द दोनदा. आधी दोन्ही अक्षरं, मग वरची शिरोरेषा. नभ मध्ये ती भ च्या फटीपाशी थांबते आणि पुढे पुन्हा सुरू होते, म्हणून त्या शब्दाच्या शिरोरेषेवर दोन बाण द्या. या पानावर नभच्या शेजारी एक गुबगुबीत ढग काढा. मन आणि मगला चित्र नको.

आधी फक्त पान 4 कच्चं करून पाठवा. त्याची झेरॉक्स काढून मुलांना गिरवायला देऊ, मगच बाकीच्या पानांना हात लावा.