मालवण ट्रिप, १६ ते १९ जानेवारी २०२५: दिवसवार वेळा आणि रद्द केल्यास काय परत मिळेल

आत्या, काका, आई, बाबा, सगळ्यांनी हे एकदा नीट वाचा. रेल्वे, होमस्टे, स्कुबा आणि विमान अशा चार बुकिंगचे मेल आहेत, ते उघडत बसू नका. पीएनआर आणि तिकिटांच्या फाइल ग्रुपवर वर पिन केल्या आहेत.

गुरुवार, १६ जानेवारी (रात्र)
कोकणकन्या, थर्ड एसी. आम्ही चौघे ठाण्याला चढणार. गाडी पावणेबाराच्या सुमारास येते, सव्वाअकराला स्टेशनवर. आत्या-काका, तुमची गाडी पनवेलहून रात्री १२.२७ ची, म्हणून तुमच्या तिकिटावर तारीख १७ छापली आहे. घरातून निघायचं मात्र गुरुवारी रात्रीच. शुक्रवारी रात्री गेलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असेल! तुमचं तिकीट अजून आरएसी आहे. तसंच राहिलं तर दोघांना मिळून एक साइड लोअर, बसून जावं लागेल.

शुक्रवार, १७
कुडाळला सकाळी आठच्या सुमारास. गाडीवाला बाहेर उभा असेल, मालवणला तासाभरात. होमस्टेचं चेक-इन १२ ला, पण सामान आधी ठेवू देतील आणि नाश्ताही करतील, बोलून ठेवलंय. जेवून झोप काढा. ३ वाजता जेटीवर, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी. होडीवाले किल्ल्यावर थांबायला मोजकाच वेळ देतात, त्यामुळे शिवराजेश्वराचं मंदिर आणि महाराजांच्या हाताचा-पायाचा ठसा आधी, फोटो नंतर.

शनिवार, १८
सकाळी ८ ला तारकर्ली. स्कुबा फक्त मी आणि निखिल, बाकीच्यांनी किनाऱ्यावर बसायचं किंवा देवबागला संगमावर जायचं. स्कुबा रविवारवर ढकलायचा नाही. पाण्याखाली जाऊन आल्यावर लगेच विमानात बसणं धोक्याचं असतं, आणि शनिवारी सकाळी केलं तर मध्ये पूर्ण दिवसाहून जास्त वेळ मिळतो. दुपारनंतर काही ठरवलेलं नाही. आईला मासळी बाजार बघायचाय, तिला नेईन.

रविवार, १९
१० ला चेक-आउट. वेंगुर्ल्यावरून रेडीच्या गणपतीला, जेवण शिरोड्यात. ४.३० ला विमानतळावर. विमान सायंकाळी ६.४० चं, मुंबईत ७.५५ ला. तिकिटावर GOX आहे, म्हणजे मोपा. दाबोळीचा कोड GOI. ड्रायव्हरने नुसतं "गोवा एअरपोर्ट ना?" विचारलं तर मोपा म्हणूनच सांगा. काउंटर तासभर आधी बंद होतो. वेब चेक-इन शुक्रवारी संध्याकाळी मीच करीन.

आता पैशाचं

सगळ्यात आधी संपते होमस्टेची मुदत. तीन खोल्या, दोन रात्री, एकूण १३,२०० पैकी ६,६०० भरले. रविवार १२ जानेवारीपर्यंत कळवलं तर पूर्ण परत, १३ ते १५ ला निम्मे, १६ पासून काही नाही. उरलेले ६,६०० तिथे पोचल्यावर. म्हणून कोणाचं डळमळत असेल तर बारा तारखेपर्यंत सांगा. संक्रांतीपर्यंत थांबलात तर रेल्वेचे फार जाणार नाहीत, पण खोलीचे निम्मे जातील.

रेल्वे (प्रत्येकी १,०१०): मंगळवार १४ च्या रात्री ११ पर्यंत रद्द केलं तर माणशी १८० आणि त्यावर जीएसटी कापतात. गुरुवारी सकाळी ११ पर्यंत भाड्याच्या २५ टक्के, संध्याकाळी ७ पर्यंत ५० टक्के. त्यानंतर काहीच परत नाही. आत्या-काकांचं आरएसीच राहिलं तर गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत माणशी ६० अधिक जीएसटीच जातील. कन्फर्म झालं की वरचाच हिशेब लागू. गाडी तीन तासांहून जास्त लेट झाली आणि आपण गेलोच नाही तर पूर्ण परतावा, पण गाडी सुटायच्या आत टीडीआर भरावा लागतो, ते माझ्याकडे. बुकिंगचा कन्व्हिनियन्स चार्ज कुठल्याच बाबतीत परत नाही.

विमान (प्रत्येकी ४,१५०): स्वस्तातलं तिकीट आहे. आपण रद्द केलं तर मूळ भाडं ३,२०० जातं, विमानतळाचे शुल्क आणि कर मिळून ९५० परत येतात. बुकिंगनंतरची २४ तासांची फुकट रद्द करण्याची सोय नोव्हेंबरातच संपली. कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तर पूर्ण पैसे किंवा दुसरं विमान, निवड आपली. एसएमएस आला तर घाईत कुठल्याही लिंकवर होकार दाबू नका, आधी मला फोन.

स्कुबाचे २,००० आगाऊ दिलेत. समुद्र खवळला म्हणून त्यांनी रद्द केलं तर सगळे परत, आपण गेलो नाही तर काही नाही.

सगळ्यांनी मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. काका, तुमची बॅग १५ किलोच्या आत हवी, येताना कोकम आणि काजू त्यातच येणार आहेत. वाचलं की "ओके" टाका, नुसता अंगठा नको.