गरब्याचे पास आणि डेटाबेसची निवड: मुलाखतीतला एक प्रश्न

बडोदा. बॅकएंड इंजिनिअरच्या जागेसाठी तांत्रिक फेरी.

मुलाखतकार: मराठीतच बोलूया, दोघींनाही सोपं जाईल. प्रश्न असा आहे. नवरात्रात इथल्या एका मोठ्या मैदानावर गरबा होतो, क्षमता 30,000. पासची ऑनलाइन विक्री आणि गेटवरची तपासणी, दोन्ही सांभाळणारं ॲप आयोजकांना हवंय. डेटाबेस एसक्यूएल घ्याल की नोएसक्यूएल?

अनघा: उत्तर द्यायच्या आधी काही विचारून घेते, मॅडम. पास सीझनचे आहेत की रोजचे?

मुलाखतकार: दोन्ही. सीझन पास नऊही रात्री चालतो. रोजचे पास उरलेल्या जागांवर. खेळणाऱ्यांचे वेगळे, बसून बघणाऱ्यांचे वेगळे. बहुतेक पैसे ऑनलाइन येतात, थोडे कॉलेजमधल्या प्रतिनिधींकडून रोख.

अनघा: आणि एकाच पासवर दोन माणसं आत गेली, तर आयोजकांना चालेल? किंवा खरा पास असलेला माणूस नेट नाही म्हणून गेटवर अडकला तर?

मुलाखतकार: पहिलं अधूनमधून झालं तर डोकेदुखी, पण निभावतं. दुसरं अजिबात नको. गेटवर रांग तुंबली की गर्दीचा धोका होतो.

अनघा: हे महत्त्वाचं आहे, कारण मग विक्री आणि गेट या दोन जागांची गरज उलटी होते. विक्रीत मी एक वेळ माणसाला थांबवीन, पण क्षमतेपेक्षा एकही पास जास्त जाऊ देणार नाही. गेटवर एखादी चूक पत्करीन, पण माणूस थांबवणार नाही. म्हणून दोन्हींचा विचार वेगवेगळा करते. आधी विक्री.

विक्रीसाठी पोस्टग्रेस, म्हणजे एसक्यूएल. सीझन पास विकला की नऊही रात्रींची एकेक जागा कमी व्हायला हवी आणि त्याच वेळी त्या माणसाच्या नावावर नोंद पडायला हवी. आठ रात्रींना जागा आहे आणि अष्टमीला नाही, तर काहीच घडता कामा नये. हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं. बोर्डावर लिहू?

```sql
BEGIN;
SELECT night FROM capacity
WHERE event_id = 12 ORDER BY night FOR UPDATE;

UPDATE capacity SET seats_left = seats_left - 1
WHERE event_id = 12 AND seats_left > 0;
```

अपडेट झालेल्या ओळी नऊ असतील तर बुकिंगची ओळ घालायची आणि कमिट करायचं. नऊपेक्षा कमी असतील तर रोलबॅक. वरची सिलेक्ट क्रमाने कुलूप लावण्यासाठी आहे. नाहीतर एकीने तिसरी रात्र धरून पाचवीची वाट बघायची, दुसरीने पाचवी धरून तिसरीची, असा डेडलॉक होऊ शकतो. शिवाय `seats_left` वर शून्याच्या खाली जाऊ न देणारं चेक कन्स्ट्रेंट ठेवीन. उद्या कोणी नवा कोड लिहिताना ही अट विसरला तरी डेटाबेस विसरणार नाही. एसक्यूएलकडे मी वळते त्याचं मोठं कारण हेच: नियम डेटाजवळ राहतो.

मुलाखतकार: पण विक्री उघडली की सगळं बडोदा एकाच मिनिटात तुटून पडतं. प्रत्येक खरेदी त्याच नऊ ओळींवर रांग लावणार. ते कसं झेपेल?

अनघा: आकडे मांडून बघूया. एक ट्रान्झॅक्शन 5 मिलिसेकंदात संपतं असं गृहीत धरलं, तर त्या ओळींवरून सेकंदाला 200 खरेदी जातील. 30,000 पास 150 सेकंदांत संपतात. म्हणजे ती रांग आपल्याला परवडते. लोक दोन लाख आले तरी लिहिणं फक्त पास मिळणाऱ्यांचंच होतं. बाकीचे 'किती उरले' एवढंच विचारत असतात. तो आकडा रेडिसमध्ये ठेवून एखाद्या सेकंदाने जुना दाखवला तरी चालतं, कारण खरा निर्णय पोस्टग्रेसच घेतो.

ही रांग फक्त एका गोष्टीने मोडते: पेमेंट गेटवेला विचारणं ट्रान्झॅक्शनच्या आत ठेवलं तर. ग्राहक ओटीपी शोधत बसला की नऊही ओळी तेवढा वेळ बंद. म्हणून आधी दहा मिनिटांचा होल्ड देऊन कमिट करायचं, पैसे आले की पक्कं, वेळ संपली की जागा परत. होल्ड सुटल्यावर पैसे आले, तर जागा असेल तर पास, नसेल तर परतावा. ही वाट आधीच लिहून ठेवावी लागते. डेटाबेस कुठलाही घ्या, ती चुकत नाही.

मुलाखतकार: हेच मोंगोडीबीत का नको? आमच्याकडे मोंगोची माणसं जास्त आहेत.

अनघा: होईल. मोंगोत एका डॉक्युमेंटवरचा बदल अखंड असतो. नऊ रात्रींचे आकडे एकाच डॉक्युमेंटमध्ये ठेवून, सगळे शून्यापेक्षा जास्त असतील तरच कमी करा, असं एका हुकमात सांगता येतं. बुकिंगचं वेगळं डॉक्युमेंट त्याच्याशी बांधायचं तर 2018च्या 4.0 आवृत्तीपासून अनेक डॉक्युमेंटचं ट्रान्झॅक्शनही आहे. 'नोएसक्यूएलमध्ये ट्रान्झॅक्शन नसतात' हे वाक्य आता खरं राहिलेलं नाही आणि त्याच्या आधारावर मी निवड करणार नाही.

माझा आक्षेप पुढच्या कामाबद्दल आहे. चौथ्या रात्री पाऊस पडला, कार्यक्रम रद्द झाला. आयोजक विचारणार: फक्त त्या रात्रीचा पास कोणी घेतला, त्यातले रोख किती, कुठल्या प्रतिनिधीने पैसे अजून जमा केलेले नाहीत, आणि सीझनवाल्यांना नवव्या हिश्शाने किती परत द्यायचे? हा प्रश्न आज कोणालाच माहीत नाही. एसक्यूएलमध्ये बुकिंग, पेमेंट आणि प्रतिनिधी ही टेबलं जोडून पंधरा मिनिटांत उत्तर निघतं. डॉक्युमेंट किंवा कॅसँड्रासारख्या वाइड-कॉलम पद्धतीत डेटाचा आकारच आधी ठरवलेल्या प्रश्नांवरून घडवलेला असतो. ठरलेल्या प्रश्नाला उत्तर फार वेगाने मिळतं. न ठरलेल्या प्रश्नासाठी मोंगोत लांबलचक ॲग्रिगेशन लिहावं लागतं आणि कॅसँड्रात तर बहुधा नवं टेबल करून डेटा पुन्हा भरावा लागतो. पैशांच्या कामात न ठरलेले प्रश्न हमखास येतात.

टीम मोंगोत मुरलेली असेल तर तेही वजन आहे, ते मी हलकं धरत नाही. रात्री अकरा वाजता बिघाड झाला तर दुरुस्त करणारी माणसं तीच. अशा वेळी मोंगोच घेऊ, पण पैशांचा हिशेब वेगळ्या रिलेशनल टेबलांत ठेवायचा आग्रह मी धरीन.

मुलाखतकार: आणि स्टॉल? फाफडा, चणिया-चोळी, टॅटू. प्रत्येकाची माहिती वेगळी.

अनघा: त्यासाठी पोस्टग्रेसमधलाच जेसनबी कॉलम पुरे. 2014पासून आहे, त्यावर इंडेक्सही करता येतो. एवढ्यासाठी दुसरा डेटाबेस आणणार नाही.

मुलाखतकार: बरं, गेट.

अनघा: इथेही आधी आकडा. 30,000 माणसं दीड तासात आत आली तर सरासरी सेकंदाला साधारण सहा स्कॅन. ऐन गर्दीत दहापट धरले तरी साठ. म्हणजे वेगासाठी नोएसक्यूएल घ्यायची गरज नाही. नेट असेल तर एवढंच पुरेल:

```sql
INSERT INTO entry (pass_id, night, gate)
VALUES (81532, 4, 3)
ON CONFLICT (pass_id, night) DO NOTHING;
```

ओळ पडली तर आत, नाही पडली तर हा पास आज आधीच वापरलाय.

खरी अडचण नेटची आहे. एका मैदानावर हजारो फोन एकदम आले की मोबाइल नेटवर्क कोंडतं, आणि गेटवरची यंत्रं सर्व्हरपासून तुटतात. इथे कॅप प्रमेय पुस्तकातून बाहेर येतं. एरिक ब्रूवर यांनी 2000 साली ते मांडलं, 2002मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केलं. संपर्क तुटला असताना एक तर सगळीकडे एकच सत्य राखता येतं, नाहीतर प्रत्येक विनंतीला उत्तर देता येतं. बरेच जण 'एकच सत्य, प्रत्येकाला उत्तर आणि तुटणं सोसणं, या तिनातले कुठलेही दोन घ्या' म्हणतात, मला ते दिशाभूल करणारं वाटतं. तुटणं आपण निवडत नाही, ते होतंच. निवड त्या वेळी काय सोडायचं एवढीच. तुम्ही मघाशी सांगितलंत त्याप्रमाणे इथे रांग चालू ठेवायची.

म्हणून क्यूआर सहीबंद करीन. पास खरा की खोटा ते यंत्र नेटशिवाय ओळखेल. दोनदा वापर रोखायला प्रत्येक पासवर गेट ठरवून देईन. तीन नंबरच्या गेटचा पास तिथेच चालणार. मग 'हा आधी वापरला का' याचं उत्तर त्या गेटच्या छोट्या लोकल सर्व्हरकडेच असतं, बाकीच्या गेटना विचारावं लागत नाही. डेटा असा वाटला की एकमत करायची गरजच खूप कमी होते. मला हा उपाय कुठल्याही महागड्या डेटाबेसपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. नेट आलं की नोंदी वर चढवायच्या. त्या फक्त वाढत जाणाऱ्या आहेत, त्यामुळे एकत्र करताना भांडण होत नाही. एकाच पासच्या दोन नोंदी दिसल्या तर दुसऱ्या दिवशी आयोजकांना यादी जाते.

मुलाखतकार: पोस्टग्रेसचा मुख्य सर्व्हरच विक्रीच्या वेळी पडला तर? 'एसक्यूएल म्हणजे डेटा सुरक्षित' असं नाही ना?

अनघा: नाही. स्टँडबाय असिंक्रोनस असेल तर कमिट झालेल्या शेवटच्या काही विक्री तिथे पोचलेल्याच नसतात, आणि तोच पुढे मुख्य झाला तर त्या गेल्या. विक्रीच्या टेबलांसाठी मी सिंक्रोनस रेप्लिकेशन ठेवीन. प्रत्येक कमिट थोडं हळू होईल. आत्ता धरलेले 5 मिलिसेकंद 8 झाले तर सेकंदाला 125 पास, म्हणजे चार मिनिटांत सगळे संपतात. तेही परवडतं. मोंगोतही हाच प्रश्न राइट कन्सर्नच्या, म्हणजे किती सर्व्हरवर पोचलं की लिहिलं मानायचं याच्या रूपाने येतो. 5.0पासून बहुमताने लिहिणं हा तिथला डीफॉल्ट आहे.

मुलाखतकार: मग नोएसक्यूएल कधी घ्याल? की घ्यायचंच नाही?

अनघा: रेडिस आत्ताच घेतलंय, उरलेल्या जागांच्या आकड्यासाठी. पुढे आयोजकांनी ॲपमध्ये लाइव्ह फीड मागितलं, लोक नाचतानाचे व्हिडिओ टाकणार, लाइक, कमेंट, प्रत्येक स्पर्शाची नोंद, तर ते मी पोस्टग्रेसमध्ये घालणार नाही. लिहिणं प्रचंड, वाचायचा प्रश्न एकच, 'या रात्रीचं ताजं दाखव', आणि एखादा लाइक उशिरा दिसला तर कोणाचं नुकसान नाही. कॅसँड्रा अशाच कामासाठी बनलाय. रात्र आणि तासावर पार्टिशन करीन. फक्त रात्रीवर केलं तर सगळा भार एकाच पार्टिशनवर येईल.

मुलाखतकार: तास घेतला तरी चालू तासाचा भार एकाच जागी येतो की.

अनघा: बरोबर आहे. मग त्यात शून्य ते पंधरा असा बकेट क्रमांकही घालावा लागेल. वाचताना सोळा ठिकाणी विचारून निकाल एकत्र करायचे. लिहिणं सोपं केलं की वाचणं तेवढं महाग होतं. सोळा की आठ, ते लोड टेस्ट करून ठरवीन.