पाऊस कंकुंबीत, पूर रामदुर्गात

*मलप्रभेच्या दोन टोकांवरनं एक बघणं*

आम्ही दोघी बीएस्सी तिसऱ्या वर्षाच्या, विषय भूगोल. एकीचं गाव खानापूर तालुक्यात, दुसरीचं रामदुर्गाजवळ. मूळ पेपर 22 पानांचा आहे, टेबलावर ठेवलाय. इथं पोस्टरवर उभ्या उभ्या वाचता येईल एवढंच घेतलंय.

प्रश्न कुठनं आला

हॉस्टेलात ऑगस्टमध्ये एकीच्या घरचा फोन यायचा, पाऊस थांबतच नाही, कपडे वाळेनात म्हणून. दुसरीच्या घरचा फोन यायचा, इकडं ढग पण नाहीत आणि नदी मात्र पात्राबाहेर आलीय म्हणून. दोघींची नदी एकच, मलप्रभा. मग आकाश कोरडं आणि नदी भरलेली हे होतंय कसं?

पाऊस तिकडंच का पडतोय

अरबी समुद्रावरनं येणारी ओली हवा सह्याद्रीला थडकती. पुढं जायला वाट नाही म्हणून वर चढती, वर चढली की गार होती, आणि गार हवेत तेवढी वाफ मावत नाही, मग ती तिथंच सांडती. कंकुंबी, आमगाव, जांबोटी ह्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस काही हजार मिलिमीटर असतोय. डोंगर ओलांडून हवा पूर्वेकडं उतरायला लागली की परत तापती, ढग विरतात. रामदुर्गापर्यंत वर्षाचा आकडा 600 मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. जिल्हा एकच हं, बेळगाव. एका टोकाला इरलं, दुसऱ्या टोकाला टँकर.

आकृती 1. डोंगर कापून बघितला तर
*डावीकडं समुद्र, मधे सह्याद्रीचा कडा, उजवीकडं पठार. निळे बाण म्हणजे चढणारी ओली हवा, तांबडे म्हणजे उतरणारी कोरडी. खालच्या पट्टीत माती दाखवलीय: खानापूरकडं जांभ्याची तांबडी, रामदुर्गाकडं काळी. भात कुठं संपतो आणि जोंधळा कुठं सुरू होतो ते पट्टीवर बोट फिरवून बघा. उंची मुद्दाम ताणून काढलीय, नाहीतर कागदावर डोंगर दिसलाच नसता.*

नदी पाऊस घेऊन येते

मलप्रभा कंकुंबीला उगम पावती, समुद्रसपाटीपासनं साधारण 790 मीटरवर, माउलीच्या देवळापाशी. तिथनं ती समुद्राकडं जात नाही. समुद्र पश्चिमेला एवढा जवळ असून पाठ फिरवून पूर्वेला निघती आणि तीनशे किलोमीटरच्या आसपास चालून बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळती. म्हणजे ओल्या मुलखातलं पाणी उचलून कोरड्या मुलखात नेऊन सोडणं हे तिचं रोजचं काम. चांगल्या वर्षी ह्यालाच आपण कालवा म्हणतो, वाईट वर्षी पूर.

आकृती 2. मलप्रभेची वाट

कंकुंबी → खानापूर → एम. के. हुबळी → नविलुतीर्थ धरण → मुनवळ्ळी → रामदुर्ग → पट्टदकल → कूडलसंगम

*गडद निळा म्हणजे जास्त पाऊस, उजवीकडं रंग फिका होत जातो. नदीची रेघ मात्र उजवीकडं जाड होत जाते. सगळा पेपर ह्या एका चित्रात आहे, घाईत असाल तर एवढंच बघून पुढं गेलात तरी चालंल.*

पोस्टरातलं एकच गणित

एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं 1 लाख घनमीटर, म्हणजे 10 कोटी लिटर. दहा हजार लिटरचे टँकर लावले तर दहा हजार टँकर लागतील, आणि हे फक्त एका चौरस किलोमीटरचं. असा 283 चौरस किलोमीटर मुलूख भिजला आणि सगळं पाणी वाहून आलं तर एक टीएमसी. खरं म्हणजे सगळं येत नाही, माती पिते, झाडं पितात. पण दहा-पंधरा दिवस झड लागली की माती पिणं बंद करती आणि मग पडंल ते सरळ ओढ्यात. पुराची सुरुवात तिथनं होती, नुसत्या मोठ्या पावसानं नाही.

मधे धरण आहे की!

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो म्हणून मोठ्या अक्षरात. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थचं धरण 1972 सालचं, क्षमता 37 टीएमसीच्या वर. धरण रिकामं असेपर्यंत पूर पोटात घेतं. भरत आलं की वरनं येईल तेवढं खाली सोडण्याशिवाय इलाज नसतो. ऑगस्ट 2019 मध्ये तेच झालं. दरवाजे उघडले आणि मुनवळ्ळी, रामदुर्गाकडं पाणी शिरलं, आणि खाली पट्टदकलच्या देवळांच्या आवारात पण. आमच्यातल्या रामदुर्गवालीच्या घरात पाणी दिवळीपर्यंत आलं होतं, चिखलाची रेघ पुसून पण जात नाही म्हणून भिंतीला पुढच्या वर्षी ऑइलपेंट मारला, तरी उन्हात ती रेघ दिसती.

आकृती 3. ती भिंत
*फोटो आमचाच. खडूची खूण पाण्याच्या उंचीची, शेजारी उभी आहे ती तिची आजी, मुद्दाम, उंची कळावी म्हणून. आजी म्हणाली फोटो काढायचा तर इरकल लुगडं नेसून येते, त्यात अर्धा तास गेला.*

सगळं खापर कंकुंबीवर नको

धरणाच्या खालीही मलप्रभेला पाणी येतं. रामदुर्गाच्या पुढं बेण्णीहळ्ळ नावाचा ओढा मिळतो, तो धारवाड-गदगकडनं येतो आणि त्याचा धरणाशी काही संबंध नाही. त्यामुळं खालच्या गावांचा पूर निम्मा कुठला आणि निम्मा कुठला हे आम्ही वाटून दाखवलेलं नाही. पोस्टरवर बाण काढणं सोपं असतंय.

आमच्या कामात काय कच्चं राहिलं

आकडे सगळे सरकारी नोंदींचे, आमचे नाहीत. स्वतः मोजायचं म्हणून जांबोटीजवळ एका घराच्या गच्चीवर प्लास्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक ठेवलं होतं, तिसऱ्या दिवशी माकडानं ते उचलून नेलं. दुसरं ठेवलं त्याच्यात पानं पडली. पेपरात ह्यावर एक सभ्य वाक्य आहे, इथं खरं सांगितलं. गावातल्या लोकांशी बोललो त्याच्या नोंदी आहेत, पण त्या पाऊस किती हे सांगत नाहीत, पूर आला तेव्हा वर आकाश कसं होतं एवढंच सांगतात. आम्हाला तेवढंच हवं होतं.

पेपरातलं इथं न आलेलं

घटप्रभा आणि कृष्णेचा भाग गाळलाय, गोकाक धबधब्याचा फोटो पण गाळला, छान होता, पण मुद्द्याला उपयोग नव्हता. सरांनी धबधबा ठेवा म्हणून सांगितलं होतं, सर, सॉरी.

आम्ही इथंच आहोत

दुपारी दोनपर्यंत पोस्टरापाशी, त्यानंतर एकजण जेवायला जाईल, एकजण थांबेल. मराठीत विचारा, कन्नडात विचारा. कन्नडात विचारलंत तर उत्तर रामदुर्गवालीच देईल, खानापूरवालीला समजतं सगळं पण बोलताना अडखळती.