आमसूल की कोकम

श्वेता माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, आणि लहानपणापासून माझं काहीही एका झटक्यात न ऐकणारी. ती कुडाळजवळ झारापच्या घरी असते, मी डोंबिवलीला. काकी आमसुलं करते, श्वेता पाकिटं भरते, आणि ऑनलाइन विक्रीचं खातं मी बघतो, कारण तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केलेला घरात मी एकटाच. त्या कोर्सात शिकलेलं सगळं मी एकाच ओळीत कोंबलं होतं:

```
Kokum Amsul Kokam Sol Dry Fruit Organic Natural Garcinia for Weight Loss Acidity Skin Kokum Butter Sherbet Solkadhi Fish Curry Konkan Ratnagiri 500g
```

"दादा, हे नाव आहे की एसटीचा बोर्ड?" श्वेताने फोनवर विचारलं.

मी तिला समजावलं की गिऱ्हाईक काय टाइप करेल ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून सगळे शब्द लावायचे. गळ जितके जास्त, तितके मासे.

"मासे लागतील, पण आपल्याला हवेत ते का? आणि ऑर्गॅनिकचं सर्टिफिकेट कुठाय आपल्याकडे? रत्नागिरी कधीपासून झालो आपण? आणि बटर? ते बियांचं करतात, दादा. आपण बिया विकून टाकतो."

मुद्दे बरोबर होते, म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, बघ, रोज किती लोक पान उघडतात. ती म्हणाली, उघडून काय करतात ते बघ. तिची ओळ अशी होती:

```
Sindhudurg Kokum, Sun-Dried and Salted, 500 g
```

मला ती अगदीच उघडीबोडकी वाटली. आठवडाभर आमचं यावरून चाललं. शेवटी काकीच फोन ओढून घेऊन म्हणाली, "दोघांचाय लावा नि बघा." तिला कंटाळा आला होता, एवढंच. पण पद्धत तीच ठरली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून सहा आठवडे. सोमवारी सकाळी नाव बदलायचं: एक आठवडा माझं, एक तिचं. आधी महिनाभर एक आणि मग महिनाभर दुसरं, असं करायला श्वेताने साफ नकार दिला. "ऊन वाढलं की सोलकढी वाढते. मग मार्चचं श्रेय नावाला देशील." फोटो तेच, भाव तोच, तीनशे वीस रुपये. जाहिरातीला रोज शंभर रुपये दोघांच्याही वाट्याला सारखेच.

शिमग्याला मी गावी गेलो. दुसऱ्या दिवशी पालखी घरी यायची होती. काकी पडवीत सारवण करत होती आणि आम्ही माजघरात लॅपटॉप उघडून बसलो. सुपात मोजायला काढलेली आमसुलं होती. मागच्या मे महिन्यातली, काळपट जांभळी, मिठाने किंचित चमकणारी. रातांबे फोडायचे, बिया आणि गर काढायचा, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी परत बुडवायच्या. असं पाच-सहा वेळा केलं की हा रंग येतो. काकीच्या बोटांची नखं जून संपेपर्यंत लाल असतात. हे सगळं माझ्या त्या ओळीत कुठेच नव्हतं, हे मला तिथे बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं. अर्थात तोंडाने मी काही बोललो नाही.

आकडे असे निघाले. माझ्या तीन आठवड्यांत अकराशे चाळीस जणांनी पान उघडलं, ऑर्डरी सत्तावीस. तिच्या तीन आठवड्यांत सहाशे दहा जणांनी उघडलं, ऑर्डरी एकेचाळीस.

"तुझ्यात पुण्याच्या खानावळीची बारा पाकिटांची ऑर्डर आहे," मी म्हटलं. "ती धरायची नाही."

"नको धरू. चाळीस." तिने वहीत एकेचाळीस खोडून चाळीस केलं. "आणि पाकिटं नाही, ऑर्डरी मोजतोय आपण. बारा पाकिटांची ती एकच होती."

माझ्या वाट्याला पाच जणांचे पैसे परत करावे लागले होते, तिच्या वाट्याला एकाचे. तक्रारी वाचून तर मला सूप तोंडावर धरावंसं वाटलं. एकीने बटर समजून मागवलं होतं. एकाने विचारलं होतं, "गोळ्या कुठे आहेत?" त्याला वजन कमी करायचं होतं आणि त्याच्या हाती पडली होती मिठातली रातांब्याची सालं. तिसऱ्याला वाटलं होतं पाकीट एक किलोचं आहे. मोबाइलवर नावाचा अर्धाच भाग दिसतो, आणि माझं "500g" अगदी शेवटी होतं, म्हणजे कोणालाच दिसत नव्हतं.

जाहिरातीच्या रिपोर्टात माणूस काय टाइप करून आला तेही दिसतं. माझ्या आठवड्यांत वजन कमी करण्याच्या शब्दांवर दोनशे बारा क्लिक पडले होते. ऑर्डर एकही नाही. एका क्लिकला साधारण चार रुपये धरले तर साडेआठशेच्या आसपास गेले, म्हणजे तीन आठवड्यांच्या एकवीसशेतले. दुपारी बाराच्या आत शंभर रुपये संपायचे, आणि संध्याकाळी मासे आणून घरी आलेली बाई आमसुलं शोधायला बसे तेव्हा आमची जाहिरात बंद असायची.

"सांग आता," श्वेता म्हणाली.

"थांब." मी खाली सरकत गेलो. हरायचंच असेल तर पूर्ण रिपोर्ट वाचून हरावं, असं मला वाटत होतं. आणि मग एक ओळ सापडली. माझ्या आठवड्यांत जाहिरातीतून आलेल्या चौदा ऑर्डरींपैकी नऊ जणांनी `amsul` टाइप केलं होतं. श्वेताच्या आठवड्यांत त्या शब्दावरून एकच माणूस आला होता. तिच्या नावात तो शब्दच नव्हता.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग पेन उचललं, माझी ओळ वहीत लिहिली आणि एकेक शब्द खोडत गेली. गार्सिनिया, वेट लॉस, स्किन, बटर, ऑर्गॅनिक, नॅचरल, रत्नागिरी. `Kokam` आणि `Solkadhi` मात्र खालच्या सर्च टर्म्सच्या रकान्यात टाकायला सांगितले. तो गिऱ्हाइकाला दिसत नाही, शोधाला मात्र चालतो. हे मला कोर्सात शिकवलं होतं. तो रकाना मी सहा महिने रिकामा ठेवला होता.

उरलं ते असं:

```
Kokum (Amsul) 500 g, Sun-Dried and Salted, Sindhudurg
```

"चाळीस विरुद्ध सत्तावीस," ती म्हणाली. "त्यातला एक शब्द तुझा."

"दोन. पाचशे ग्रॅमही माझंच होतं."

"ते तू शेपटीला बांधलं होतंस."

काकी हात धुऊन आत आली, पदराला पुसत वाकून स्क्रीनकडे बघू लागली. तिला इंग्रजी वाचता येतं, फक्त सावकाश.

"कोकम... आमसूल..." तिने बोट फिरवलं. "आणि सोलां? ती खंय लिवलास?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या घरात जन्मापासून कोणीच आमसूल म्हणत नाही की कोकम. सोलां. श्वेताने मुकाट्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि न दिसणाऱ्या रकान्यात `sola` टाइप केलं.