९ वर अडकलेला काउंटर

रात्रीचे दोन वाजले तरी डिस्प्लेवर ९ च, क्लॉक कितीही दे, हलायचं नाव नाही, आणि सकाळी नऊला प्रॅक्टिकल. मी तीन वेळा काउंटरची चिप, ७४९०, बदलली, वैतागून सगळं उपसायलाच निघालो होतो.

"थांब रे, काढू नको," पक्या म्हणाला आणि मल्टीमीटरचा प्रोब पिन ६ वर टेकवला. १.५ व्होल्ट.

"अरे ग्राउंडला लावलीय ना ती!"

"मग शून्य दाखवलं असतं. कुठेच न जोडता तरंगतेय ती, टीटीएल चिप त्याला हायच समजते, पिन ७ चं पण तेच, म्हणून सारखा ९ सेट होतोय."

ब्रेडबोर्डची ग्राउंडची पट्टी मधेच तुटक होती! छोटी वायर टाकली. ०, १, २... पक्याने माझा खांदा घट्ट धरला.