डॉ. स्नेहल वाघचौरे यांच्या कायम नोंदणीसाठी शिफारसपत्र

मेडिसिन विभाग,
महापालिका सर्वसाधारण रुग्णालय,
पूर्व उपनगरे, मुंबई

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. प्रबंधक,
महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई

विषय : डॉ. स्नेहल दत्तात्रय वाघचौरे यांच्या कायम नोंदणीच्या अर्जाबाबत

महोदय,

डॉ. वाघचौरे यांनी जॉर्जियातील तिबिलिसी येथे सहा वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम २०२३ मध्ये पूर्ण केला. त्यानंतर परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची परीक्षा उत्तीर्ण होऊन, तात्पुरत्या नोंदणीवर, सप्टेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ अशी बारा महिन्यांची आंतरवासिता त्यांनी आमच्या रुग्णालयात केली. पदवी, परीक्षा आणि कोविडकाळातील शिक्षणाची कागदपत्रे अर्जासोबत आहेतच. त्यांची पडताळणी परिषद करील, त्यावर मी बोलणार नाही. मेडिसिनच्या सहा आठवड्यांत आणि कॅज्युअल्टीच्या दोन आठवड्यांत त्या माझ्या देखरेखीखाली होत्या. शिवाय इंटर्नची प्रभारी म्हणून सगळ्या विभागांचे त्यांचे लॉगबुक दर महिन्याला माझ्याकडे येत असे. जे प्रत्यक्ष पाहिले किंवा नोंदींतून कळले तेवढेच या पत्रात आहे.

परदेशात शिकून आलेल्या मुलांबद्दल आमच्याकडे एक शंका नेहमी घेतली जाते : पुस्तक येते, पण हात चालत नाही. तिथल्या रुग्णांची भाषा वेगळी, त्यामुळे रुग्णाशी थेट बोलून हिस्टरी घेण्याची सवय कमी राहते, हे खरेच आहे. डॉ. वाघचौरे आल्या तेव्हा हे त्यांच्यातही दिसत होते. शिरेत सुई घालताना त्या बिचकत, आणि केसपेपरवर औषधे लिहायला इतरांपेक्षा जास्त वेळ घेत. फरक असा, की ही उणीव त्यांनी लपवली नाही. ड्युटी संपल्यावर त्या वॉर्डातल्या सिस्टरांसोबत थांबून सलाइन लावायला, नमुने घ्यायला शिकल्या. शिकवणारी व्यक्ती डॉक्टर नाही म्हणून कमीपणा मानणारे इंटर्न मी पुष्कळ पाहिले आहेत. या त्यातल्या नव्हेत.

त्यांची मेडिसिनची पाळी नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये आली. मुंबईत या दिवसांत वॉर्डात तापाच्या रुग्णांना खाटा पुरत नाहीत, जमिनीवर गाद्या घालाव्या लागतात. डेंगी, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड यांतला फरक पहिल्या दिवशी करता येत नाही, आणि तो करता आल्याचा आव आणला तर रुग्ण अडचणीत येतो. डेंगीच्या रुग्णांत केवळ प्लेटलेटच्या आकड्याकडे न पाहता पोटदुखी, सततची उलटी, गुंगी, हातपाय गार पडणे आणि हिमॅटोक्रिट यांवर त्या लक्ष ठेवत. नातेवाईक 'प्लेटलेट चढवा' म्हणून मागे लागले, की प्रत्येक कमी आकड्याला प्लेटलेट लागत नाहीत, हे त्या शांतपणे, मराठीत किंवा हिंदीत, समजावून देत. तापासाठी आयब्युप्रोफेन बाहेरून घेतले आहे का, हा प्रश्न त्यांनी कधी चुकवला नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते. कुर्ल्याचा, गोदामात माल चढवणारा एक तरुण तापाने दाखल झाला. प्राथमिक निदान विषाणूजन्य ताप असे होते. रात्रीच्या ड्युटीवर डॉ. वाघचौरे यांनी त्याला पुन्हा तपासले. डोळे लाल पण चिपडे नाहीत, पोटऱ्या दाबल्यावर तो कळवळत होता, आणि विचारल्यावर त्याने पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात काम केल्याचे सांगितले. लघवीचे मोजमाप कागदावर होते, पण एकत्र केलेले नव्हते. त्यांनी बेरीज केली तेव्हा ती फारच कमी भरली. त्यांनी लगेच रजिस्ट्रारांना बोलावले, आणि फोनवर मला सांगताना पहिले वाक्य होते, "मॅडम, मला लेप्टो वाटतोय, पण खात्री नाही, तुम्ही येऊन बघा." लेप्टोची तपासणी पाठवली, अहवालाची वाट न पाहता माझ्या सूचनेवरून प्रतिजैविक सुरू केले, मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांना कळवले. रुग्ण पुढे चालत घरी गेला. निदानाचे श्रेय पूर्ण त्यांना देणे बरोबर नाही, पण वेळेवर हाक मारण्याचे श्रेय त्यांचेच आहे.

कौशल्यांबाबत नेमके लिहिते, कारण 'उत्तम' या शब्दाने परिषदेला काही कळत नाही. शिरेतील सलाइन, रक्ताचे व धमनीतील रक्तवायूचे नमुने, राइल्स ट्यूब, लघवीची नळी, ईसीजी काढणे व त्यातला ठळक हार्ट अटॅक ओळखणे, टाके घालणे, हे त्या स्वतंत्रपणे करतात. छातीतले पाणी काढणे त्यांनी माझ्यासमोर अनेकदा केले : सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेलगत, आणि रुग्णाला खोकला आला की थांबायचे, हे त्यांच्या हातात बसले आहे. हृदय बंद पडलेल्या रुग्णावर छातीदाब त्या योग्य खोलीने देतात, आणि दमल्यावर जागा सोडतात. मात्र श्वासनलिकेत नळी घालणे त्यांनी फक्त वरिष्ठांच्या हाताखाली केले आहे. ते एकटीने करण्याइतका अनुभव त्यांना नाही, आणि त्याही तसे म्हणत नाहीत. पाठीतले पाणी काढतानाही सोबत कुणी असावे, असे माझे मत आहे. प्रसूती विभागाच्या प्रमुखांनी लॉगबुकमध्ये सामान्य प्रसूती हाताळल्याची व प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात मदत केल्याची नोंद केली आहे. तिथे मी हजर नव्हते.

वर्तनाबद्दल दोन गोष्टी. वॉर्डात एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारीशेजारी होते. डॉ. वाघचौरे यांनी एकाच्या नळीवर दुसऱ्याचे लेबल लावले. प्रयोगशाळेत जाण्याआधीच त्यांच्या स्वतःच्या लक्षात आले. त्यांनी सिस्टर इन्चार्जना सांगितले, दोन्ही नमुने नव्याने घेतले, आणि केसपेपरवर काय झाले ते लिहून सही केली. कुणी पाहिले नव्हते, तरी लिहिले. दुसरी गोष्ट : ओळखीतल्या एका गृहस्थांनी कामावरच्या गैरहजेरीसाठी मागील तारखेचे आजारपणाचे प्रमाणपत्र 'फक्त पुढे करून द्या' असा आग्रह धरला. वरिष्ठांचे नावही घेतले. डॉ. वाघचौरे यांनी नम्रपणे नकार दिला आणि त्याच दिवशी मला सांगितले. २००२ च्या व्यावसायिक आचरणविषयक नियमांत खोट्या प्रमाणपत्राबद्दल काय लिहिले आहे, हे त्यांना तोंडपाठ होते; पण नकार त्यांनी नियमापेक्षा स्वभावाने दिला, असे मला वाटते.

एचआयव्हीचा अहवाल त्या नातेवाइकांसमोर कधी वाचत नसत. रक्त चढवताना दुसऱ्या व्यक्तीकडून पिशवी तपासून घेतल्याशिवाय सुरू करत नसत. कॅज्युअल्टीत चिडलेल्या जमावासमोर त्या आवाज चढवत नाहीत, पण मागेही हटत नाहीत, आणि सुरक्षारक्षकाला कधी बोलवायचे ते त्यांना कळते. वॉर्डातल्या मावशी-मामांशी त्यांचे बोलणे आदराचे असते. आमच्याकडे कोणाचे चांगले चालले आहे हे बहुधा तेच आधी सांगतात.

प्राथमिक स्तरावर डॉक्टर म्हणून काम करण्यास डॉ. वाघचौरे सक्षम आणि विश्वासार्ह आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना कायम नोंदणी द्यावी, अशी मी शिफारस करते. त्यांच्याशी माझे कोणतेही कौटुंबिक वा आर्थिक नाते नाही. लॉगबुकची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. परिषदेला काही विचारायचे असल्यास मी समक्ष येऊन उत्तर देईन.

आपली विश्वासू,

डॉ. मंजिरी केळुसकर
एम. डी. (मेडिसिन)
विभागप्रमुख व इंटर्न प्रभारी, मेडिसिन विभाग